आईच्या रक्तात जंतू निघाले आणि चौथ्या दिवशी सलाईनमधलं अँटिबायोटिक बंद करून गोळी देतायत. बरोबर आहे का?

मुलुंडचा_समीर | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

रात्री नऊला पहिली गोळी द्यायची आहे, म्हणून घाईत लिहितोय. चुकाभुल माफ करा.

आई ६४ वर्षांची. मधुमेह आणि बीपी, दोन्ही जुने. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि टेल्मिसार्टन चालू असतं. सोमवारी दुपारी हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. रात्री इथल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं तेव्हा ताप १०३ आणि बीपी ९०/६०. दोन्ही हातांतून रक्त कल्चरला घेतलं, लघवी घेतली आणि साडेदहाला मेरोपेनेम सुरू केलं, एक ग्रॅम, दर आठ तासांनी. बीपीची गोळी तेव्हाच बंद केली. मंगळवारी सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज दिसली, पण खडा नाही, अडथळा नाही, पू साठलेला नाही. त्याच दुपारी लॅबमधून वॉर्डात फोन आला की रक्तात जंतू वाढतायत. बुधवारी संध्याकाळी पूर्ण रिपोर्ट मिळाला: रक्तात आणि लघवीत तोच ई. कोलाय. खाली लिहिलंय ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’.

शेवटचा ताप बुधवारी पहाटे आला, १००.६. त्यानंतर नाही. आज सकाळी तिने उपमा खाल्ला, स्वतः बाथरूमला गेली. राउंडला डॉक्टर म्हणाले की आज रात्रीपासून मेरोपेनेम बंद. को-ट्रायमोक्साझोल डीएस एक सकाळी, एक रात्री, पुढच्या सोमवारी रात्रीपर्यंत. एकूण नऊ गोळ्या. सगळं ठीक असेल तर शनिवारी घरी.

मामा खवळलाय. रक्तात जंतू असताना इंजेक्शन कसं काढतात, चौदा दिवस तरी हवं, असं त्याचं म्हणणं. मलाही गोळीचं नाव वाचून धक्का बसला, कारण ही तर लहानपणी जुलाबाला द्यायचे ती गोळी. डॉक्टरांशी भांडू का, की ऐकू?

---

पेट्रीडिश | गुरुवार, ७:२५

समीर, भांडू नका. मी महापालिकेच्या एका हॉस्पिटलात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे आणि आमच्या अँटिबायोटिक राउंडमध्ये आठवड्यातून दोनदा नेमकं हेच पाहते. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून त्यांनी विचारपूर्वक केलेलं दिसतं.

सोमवारी रात्री कोणालाच माहीत नव्हतं की जंतू कोणता आहे. बीपी पडलेलं, वय ६४, मधुमेह. मुंबईत लघवीतल्या ई. कोलायपैकी बरेचसे सेफ्ट्रायॲक्सोनला दाद देत नाहीत. तुमच्या रिपोर्टवरचं ‘ईएसबीएल’ म्हणजे तेच: जंतू सेफ्ट्रायॲक्सोनसारखी औषधं फोडून टाकणारं एन्झाइम बनवतो. अशा वेळी पहिल्या तासात चुकीचं औषध पडलं तर जिवावर बेततं, म्हणून मोठं जाळं टाकलं. ते बरोबरच होतं. पण त्याच रात्री, औषध देण्याआधी, दोन्ही हातांतून रक्त घेतलं ही त्याहून मोलाची गोष्ट. औषधाचा एक डोस पोटात गेल्यावर घेतलेल्या कल्चरमध्ये पुष्कळदा काहीच उगवत नाही, आणि मग मेरोपेनेम कमी करायची कोणाची छाती होत नाही. अंदाजाने चौदा दिवस चालवतात.

आता अंदाज संपलाय. जंतूचं नाव कळलं, त्याला कोणती औषधं लागू पडतात ते कळलं, आणि सोनोग्राफीने सांगितलं की आत पू किंवा अडथळा नाही. मग आम्ही पेशंटकडे बघतो. चोवीस तास ताप नाही ना? बीपी आणि नाडी स्थिर आहे ना? उलटी थांबून अन्न पोटात राहतंय ना? या जागेच्या संसर्गाला गोळी चालते ना, आणि या जंतूला लागू पडणारी गोळी आहे ना? तुमच्या आईच्या बाबतीत सगळ्यांची उत्तरं ‘हो’ दिसतात.

रिपोर्टमधले आकडे टाकू शकाल का? नाव आणि नंबर झाकून.

---

मुलुंडचा_समीर | गुरुवार, ७:४०

हे घ्या, रक्ताचा रिपोर्ट. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. मेरोपेनेम ≤०.२५ एस. अमिकासिन ≤२ एस. नायट्रोफ्युरँटॉइन ≤१६ एस. को-ट्रायमोक्साझोल ≤२० एस. सिप्रोफ्लॉक्सासिन ≥४ आर. सेफ्ट्रायॲक्सोन ≥६४ आर. क्रिएटिनिन भरती होताना १.४ होतं, आज १.०. पोटॅशियम आज ४.६. सल्फाची ॲलर्जी आहे का ते त्यांनी दोनदा विचारलं. नाही.

---

आकडेमोड | गुरुवार, ७:५५

थांबा समीर. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे, पण वडिलांच्या आजारपणात हे रिपोर्ट वाचायला शिकलो. तो आकडा म्हणजे जंतूची वाढ रोखायला औषध किती लागतं ते. जितका कमी, तितकं औषध प्रभावी. मेरोपेनेमला ०.२५ पुरतं, तुमच्या गोळीला २० लागतात. ऐंशी पट! ऐंशी पट कमजोर औषधावर आईंना का टाकायचं? आणि गोळीच द्यायची तर नायट्रोफ्युरँटॉइन १६ आहे, निदान ती तरी २० पेक्षा बरी.

---

पेट्रीडिश | गुरुवार, ८:१५

आकडेमोड, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे. घोटाळा पुढे आहे, आणि हा घोटाळा आमचे रेसिडेंट डॉक्टरही करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

हे आकडे एकाच औषधासाठी वाचायचे असतात, आडवे एकमेकांशी लावायचे नसतात. प्रत्येक औषधाचा डोस वेगळा, रक्तात चढणारी पातळी वेगळी. म्हणून प्रत्येकाची ‘पास’ व्हायची रेघ वेगळी आखलेली आहे. ई. कोलायसाठी मेरोपेनेमची रेघ १ वर आहे. को-ट्रायमोक्साझोल ही दोन औषधांची जोडी, चाचणीत एकास एकोणीस या प्रमाणात घालतात. मशीन दोन्हींची बेरीज छापतं: १ आणि १९ मिळून २०. त्याची रेघ २ आणि ३८, म्हणजे ४० वर आहे. आणि २० हा मशीनचा सगळ्यात खालचा आकडा, त्यामागे ‘≤’ आहे. म्हणजे जंतू पहिल्याच पायरीवर गारद झाला. खरी पातळी त्याहूनही खाली असू शकते. ऐंशी पटीचा हिशोब इथे लागूच होत नाही.

नायट्रोफ्युरँटॉइनचं तर उलटंच आहे. आकडा छान, ‘एस’ही छान, पण ते औषध रक्तात आणि किडनीच्या मांसात पुरेसं पोचतच नाही. शरीर ते झपाट्याने लघवीत टाकून देतं, म्हणून नुसत्या मूत्राशयाच्या संसर्गाला उत्तम. किडनीला सूज आणि रक्तात जंतू असताना ते दिलं तर लघवी स्वच्छ होईल आणि ताप परत येईल. खरं तर रक्ताच्या रिपोर्टवर ते छापायलाच नको होतं. आमच्या लॅबमध्ये आम्ही ते रक्ताच्या रिपोर्टमधून लपवतो, कारण समोर ‘एस’ दिसलं की कोणीतरी लिहितंच.

को-ट्रायमोक्साझोल गिळल्यावर जवळजवळ सगळंच रक्तात उतरतं आणि किडनीत चांगलं मुरतं. शिरेतून दिलं काय आणि तोंडातून दिलं काय, आतडं नीट चालत असेल तर फार फरक पडत नाही. लेव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल यांचंही असंच. सगळ्या गोळ्यांचं असं नसतं. सेफिक्झिम साधारण निम्मंच रक्तात उतरतं, म्हणून ‘इंजेक्शनच्या जागी कुठलीही गोळी’ असं कधी करायचं नसतं.

---

केमिस्ट_गिरगाव | गुरुवार, ८:३०

मी दुकानात बसतो, रोज पाहतो. मेरोपेनेम सुटल्यावर बहुतेक पेशंट फारोपेनेमच्या गोळ्या घेऊन जातात. ती मेरोपेनेमचीच गोळी समजा, त्याच घरातली. ईएसबीएल असेल तर तीच मागा. को-ट्रायमोक्साझोल आता कोणी मागतच नाही.

---

पेट्रीडिश | गुरुवार, ८:४०

दादा, त्याच घरातली आहे हे खरं. पण मेरोपेनेमची गोळी नव्हे. तोंडातून घेतल्यावर ती रक्तात कमी उतरते, आणि रक्तात ईएसबीएल असलेल्या पेशंटमध्ये ती पुरेशी पडते असं दाखवणारा भक्कम अभ्यास नाही. शिवाय तिच्या माऱ्याने जंतू मेरोपेनेमच्या घराण्यालाच सरावतील ही भीती आहे. मेरोपेनेम वाचवायला म्हणून गोळी द्यायची आणि ती त्याच घराण्यातली द्यायची, यात काय वाचलं? को-ट्रायमोक्साझोल कोणी मागत नाही हेच आज तिच्या पथ्यावर पडलंय. वापर कमी झाल्याने काही जंतू पुन्हा तिला बधू लागलेत.

तिला ‘आर’ आलं असतं तर? सिप्रो आधीच गेलं आहे, मग चांगली गोळी उरली नसती. तेव्हा आम्ही एर्टापेनेम सुचवतो. दिवसातून एकदाच इंजेक्शन, डे-केअरला येऊन घ्यायचं आणि घरी जायचं. सगळ्यांनाच गोळीवर आणता येत नाही.

---

वसईची_पालवी | गुरुवार, ८:५०

छान माहिती. माझ्या मुलीला दोन दिवस ताप आणि सर्दी आहे, डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन दिलंय. तिलाही हे को-ट्रायमोक्साझोल चालेल का? स्वस्त आहे असं कळलं.

---

रात्रपाळी | गुरुवार, ८:५८

पालवीताई, हा विषय वेगळा आहे हो. इथे किडनीतून रक्तात गेलेल्या जंतूबद्दल चाललंय. सर्दीतापाला बहुतेक वेळा अँटिबायोटिकच लागत नाही, ही गोळीही नाही. मुलीच्या डॉक्टरांनाच विचारा, नवीन धागा काढलात तर तिथे बोलू.

समीरदादा, मी ठाण्याला मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. इंजेक्शन काढायच्या आणखी एका कारणाबद्दल कोणी बोललं नाही. ती सुई. आईंच्या हातात सोमवारपासून इंट्राकॅथ आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शीर लाल होते, दोरीसारखी टणक लागते, पेशंट हात वर करू देत नाही. मधुमेह्याला तिथून नवा संसर्ग रक्तात जाऊ शकतो, आणि तो ई. कोलायसारखा साधा नसतो. आमच्याकडे एका आजींची न्यूमोनियाची तब्येत सुधारली आणि सुईच्या जागेवरून दुसरा ताप चढला. आत्ताच जाऊन तिचा हात बघा. गोळी सुरू झाल्यावर ‘राहू दे, लागली तर असावी’ म्हणून सुई ठेवतात. तसं करू देऊ नका, काढायला सांगा. लघवीची नळी असेल तर तीही.

---

मुलुंडचा_समीर | गुरुवार, ९:२०

पाहिलं. मनगटाजवळ लाल आहे आणि दाबलं की दुखतंय. सिस्टरना दाखवलं, त्यांनी लगेच काढली. पहिली गोळी ९:१० ला दिली. नळी मंगळवारीच काढली होती.

---

सुलभा_काळे_डोंबिवली | गुरुवार, १०:०५

मला हे सगळं वाचून भीती वाटते, म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला होता. ताप तीन दिवसांत उतरला, आणि पाचव्या दिवशी असंच ‘बरे झाले, गोळ्या घ्या’ म्हणून घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी पाठ इतकी दुखायला लागली की उठवेना. एमआरआयमध्ये मणक्यात संसर्ग दिसला. मग सहा आठवडे शिरेतून औषध. रोज लोकलने त्यांच्यासाठी डबा घेऊन जायचे. आजही ते काठी घेतल्याशिवाय चालत नाहीत. ताप उतरला म्हणजे संपलं असं मला कोणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही.

---

पेट्रीडिश | गुरुवार, १०:४०

सुलभाताई, तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं. तुमची भीती तुमच्या जागी अगदी खरी आहे.

पण तो जंतू निराळा. स्टॅफ ऑरियस रक्तात दिसला की तो मणक्यात, हृदयाच्या झडपेत, सांध्यात जाऊन बसला असेल असंच आम्ही धरून चालतो. दोन-चार दिवसांनी पुन्हा रक्त कल्चरला पाठवतो आणि रक्त स्वच्छ होईपर्यंत पाठवत राहतो. हृदयाचा एको करतो. औषध कमीत कमी दोन आठवडे शिरेतून, आणि कुठे घर केलं असेल तर चार ते सहा. पाचव्या दिवशी घाईने गोळीवर टाकायचा हा जंतूच नाही. आमच्या राउंडमध्ये स्टॅफ ऑरियसचा पेशंट आला की आमचं काम औषध कमी करणं नसतं, ‘घाई करू नका’ हे सांगणं असतं.

किडनीतून आलेला ई. कोलाय सहसा असा दडून बसत नाही, अडथळा आणि पू नसेल तर. म्हणून समीरच्या आईची सोनोग्राफी मला रिपोर्टइतकीच महत्त्वाची वाटली. तिथे खडा अडकलेला दिसला असता तर मी पहिल्यांदा युरोलॉजिस्टला बोलवा म्हटलं असतं. तुंबलेल्या नळीमागे मेरोपेनेमही हात टेकतं.

---

मामाचा_माणूस | गुरुवार, ११:१५

समीर, मीच तो मामा. भाच्याने लिंक पाठवली. मला एवढंच सांगा, आयुष्यभर डॉक्टरांनी ‘कोर्स अर्धवट सोडू नका, जंतू बळावतात’ असं बजावलं. आता तेच डॉक्टर सात दिवसांत थांबा म्हणतात. मग आधीचं खोटं होतं का?

---

आयसीयू_बारा | शुक्रवार, सकाळी ७:३०

मामा, उत्तर मी देतो. मी इंटेन्सिव्हिस्ट आहे, दक्षिण मुंबईत.

स्वतःच्या मनाने सोडू नका, हे आजही खरं आहे. ठरलेला कोर्स मात्र लांबत गेला तो सवयीने. सात की दहा की चौदा, हे बरीच वर्षं कोणी नीट तपासलंच नव्हतं. मग तपासलं. २०१९ मध्ये रक्तात ई. कोलायसारखे ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जंतू असलेल्या ६०४ पेशंटमध्ये सात आणि चौदा दिवसांची तुलना झाली, सात दिवस कमी पडले नाहीत. २०२४ मध्ये बॅलन्स नावाचा अभ्यास आला, सात देशांतली ७४ हॉस्पिटलं, ३६०८ पेशंट. नव्वद दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण सात दिवसवाल्यांत १४.५ टक्के, चौदा दिवसवाल्यांत १६.१ टक्के. आयसीयूतलेही पेशंट त्यात होते. स्टॅफ ऑरियसवाले आणि न काढलेला पू असलेले त्यात घेतले नव्हते. म्हणजे सुलभाताईंच्या वडिलांना हा हिशोब लागू नाही, तुमच्या बहिणीला लागू होतो.

जास्तीचे सात दिवस फुकट नसतात. आतड्यातले बाकीचे जंतू रोज त्या औषधाशी झुंजतात, आणि त्यांतले जे टिकतात तेच पुढच्या वेळी किडनीत चढतात. जंतू बळावतात ते लवकर थांबल्याने कमी आणि उगाच लांबवल्याने जास्त.

दिवस मोजायचे ते लागू पडलेल्या पहिल्या डोसपासून, गोळीपासून नव्हे. सोमवारी रात्री साडेदहापासून पुढच्या सोमवारी रात्रीपर्यंत. मेरोपेनेमचे दिवस त्यात धरलेले आहेत, म्हणून गोळ्या नऊच. आधी दिलेलं औषध या जंतूला लागू नसतं तर मोजणी बदलल्या दिवसापासून सुरू झाली असती.

पेट्रीडिश यांच्याशी माझा एक मतभेद आहे. मधुमेह, बीपी पडलेलं आणि रक्तात ईएसबीएल, एवढं असताना मी आणखी एक दिवस थांबलो असतो आणि गोळीवर टाकण्याआधी एकदा पुन्हा रक्त कल्चरला पाठवलं असतं. को-ट्रायमोक्साझोलचा डोसही रक्तातल्या जंतूला एक-एक पुरतो का, यावर आमच्यात एकमत नाही.

---

पेट्रीडिश | शुक्रवार, ८:१०

डोसबद्दल मान्य, तो वाद आहे. वजन बरंच जास्त असेल तर मीही कमी पडण्याची काळजी करते. समीरच्या आईचं वजन माहीत नाही.

पुन्हा कल्चरबद्दल मात्र मी हटणार नाही. ई. कोलाय, मूळ जागा माहीत, ताप गेलेला, अडथळा नाही. अशा पेशंटमध्ये दुसरं कल्चर जवळजवळ नेहमी स्वच्छ येतं. उलट सुईबरोबर कातडीवरचा एखादा जंतू बाटलीत पडला की ‘नवीन काहीतरी निघालं’ म्हणून व्हँकोमायसिन सुरू होतं आणि पेशंट आणखी चार दिवस अडकतो. लवकर गोळीवर आणण्याबद्दल सांगायचं तर २०१९ चा अमेरिकेतला अभ्यास तुम्हाला माहीतच असेल. १४७८ पेशंट, पाच दिवसांच्या आत गोळीवर आणलेले आणि शिरेतूनच चालू ठेवलेले, तीस दिवसांतला मृत्युदर १३.१ आणि १३.४ टक्के.

---

आयसीयू_बारा | शुक्रवार, ८:२५

माहीत आहे. पण तो मागे वळून कागदपत्रांतून केलेला अभ्यास होता. कोणाला गोळी द्यायची हे डॉक्टरांनी पेशंट बघून ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नव्हे. आकड्यांची कितीही जुळणी केली तरी खाटेशी उभं राहून दिसतं ते कागदावर सगळं येत नाही. मी एक दिवस थांबेन.

---

पेट्रीडिश | शुक्रवार, ८:५०

ठीक, इथे आपण दोघं आपापल्या जागी.

समीर, तुमच्यासाठी कामाचं एक. ही गोळी टेल्मिसार्टनबरोबर पडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं. दोन्ही औषधं किडनीला पोटॅशियम बाहेर टाकू देत नाहीत. आईंची बीपीची गोळी बंद आहे असं तुम्ही लिहिलंय. डिस्चार्जच्या कागदावर ती कधी सुरू करायची हे तारखेसकट लिहून घ्या. ‘पूर्वीची औषधं चालू ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तिथेच फसगत होते. रविवारी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करा. ग्लिमेपिराइडचा जोरही या गोळीने वाढू शकतो, जेवण कमी असेल तर साखर घसरते, तेही विचारा. अंगावर पुरळ आलं किंवा तोंड आतून सोललं तर पुढची गोळी न देता फोन करा.

---

मुलुंडचा_समीर | रविवार, दुपारी ३:३०

शनिवारी घरी आणलं. ताप नाही. वजन ५८ आहे, आधी लिहायचं राहिलं.

पेट्रीडिशताई, तुम्ही म्हणालात तेच झालं. कागदावर ‘पूर्वीची औषधं चालू’ असं छापलं होतं. मी विचारणार होतो, पण बिलाच्या रांगेत तीन तास गेले आणि विसरलो. शनिवारी आणि आज सकाळी बहिणीने टेल्मिसार्टन दिलं. आज पोटॅशियम ५.४, क्रिएटिनिन १.२. साखर काल संध्याकाळी ७२ होती, घाम आला होता, बिस्किटं दिली. डॉक्टरांना फोन लावलाय, अजून उचलला नाही.

---

पेट्रीडिश | रविवार, ३:४५

फोन लागेपर्यंत पुन्हा प्रयत्न करत राहा, नाही लागला तर हॉस्पिटलच्या आरएमओला लावा. घाबरण्यासारखी पातळी नाही, पण उद्यावर टाकायची नाही. क्रिएटिनिन १.२ मधला काही भाग फसवा असू शकतो, ही गोळी किडनीला इजा न करताही तो आकडा थोडा वर नेते. पोटॅशियम मात्र खरं आहे. एक विचारते: आईंना प्यायला काय देताय?

---

मुलुंडचा_समीर | रविवार, ३:५०

शहाळ्याचं पाणी. रोज दोन. किडनीला चांगलं म्हणून मामाने आणून ठेवलीत, शिवाय मोसंबीचा रस.

---

रात्रपाळी | रविवार, ३:५५

शहाळं आजपासून बंद करा दादा! पोटॅशियम त्यातच ठासून भरलेलं असतं. मोसंबीही नको. आमच्या वॉर्डात प्रत्येक खाटेखाली एक शहाळं असतं आणि चार्टवर कुठेच लिहिलेलं नसतं.

---

मामाचा_माणूस | रविवार, ४:३०

आणली मी, प्रेमानेच आणली. परत दिली शेजाऱ्यांना.

---

मुलुंडचा_समीर | रविवार, संध्याकाळी ६:१०

डॉक्टरांशी बोलणं झालं. टेल्मिसार्टन बंद, ते स्वतः सांगतील तेव्हाच सुरू. ग्लिमेपिराइड अर्धी. ईसीजी काढून घ्यायला लावला, तो ठीक आहे. उरलेल्या गोळ्या चालू ठेवायच्या: आज रात्रीची, उद्याच्या दोन. मंगळवारी पुन्हा रक्त. त्यांनी मान्य केलं की कागदावर स्पष्ट लिहायला हवं होतं.

---

मुलुंडचा_समीर | बुधवार, सकाळी १०:००

सोमवारी रात्री नववी गोळी झाली. कालचं पोटॅशियम ४.८, क्रिएटिनिन १.०. ताप नाही. पुन्हा लघवीचं कल्चर करायचं का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले त्रास नसेल तर नको. पेट्रीडिशताई, हे बरोबर?

दुसरं, विमा कंपनीकडून पत्र आलंय. ‘गुरुवारी रात्रीपासून पेशंट तोंडी औषधांवर असताना शनिवारपर्यंत भरती ठेवण्याची वैद्यकीय गरज स्पष्ट करा.’ दोन दिवसांचे पैसे अडकवलेत. आता मामा म्हणतो, इंजेक्शन चालू ठेवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

---

पेट्रीडिश | बुधवार, १०:४०

लघवीचं कल्चर नको, डॉक्टर बरोबर आहेत. मधुमेही बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात. तो कागद हातात आला की कोणीतरी पुन्हा औषध सुरू करतं. ताप, कुशीत दुखणं किंवा लघवीला जळजळ झाली तरच.

पत्राबद्दल: डॉक्टरांकडून लिहून घ्या की रक्तात ईएसबीएल ई. कोलाय होता, भरती होताना बीपी ९०/६० होतं, गोळी सुरू केल्यावर ताप परत येतो का हे पाहण्यासाठी निरीक्षण गरजेचं होतं. कल्चर रिपोर्ट आणि तापाचा चार्ट जोडा.

---

आयसीयू_बारा | बुधवार, ११:२०

जोडा, पण माझ्याकडे अशीच पत्रं घेऊन तीन पेशंट आले, त्यांतल्या एकाचे पैसे मिळाले, दोघांचे नाहीत. मामा म्हणतात तो विचार वॉर्डातही होतो, हे मी लपवणार नाही. क्लेम अडू नये म्हणून संध्याकाळचं एक इंजेक्शन चालू ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय.

---

केमिस्ट_गिरगाव | बुधवार, ११:५५

समीरदादा, तुमचं पत्र पुढे काय होतं ते इथे लिहा. माझ्या मेहुण्याचंही असंच अडकलंय.